मजुरी थकली म्हणून गिऱ्हाइकाची मोटर विकता येत नाही

प्रति,
मोटर रिवाइंडिंग व पंप दुरुस्ती व्यावसायिकांच्या तालुका आणि जिल्हा संघटनांचे पदाधिकारी व सभासद

स.न.वि.वि.

एप्रिल-मे महिन्यांत जळालेल्या मोटरी तुमच्याकडे भरायला येतात. मोटर भरून तयार होईपर्यंत पाऊस सुरू होतो, विहिरी भरतात आणि शेतकऱ्याला मोटरीची घाई उरत नाही. तो थेट रब्बीच्या तोंडावर येतो. काही जण येतही नाहीत. तुमची तार, बेअरिंग, कारागिराची मजुरी अडकून पडते आणि दुकानातली जागाही जाते. मग एखाद्या दिवशी ती मोटर दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकली जाते, नाहीतर तिच्यातलं तांबं भंगारात जातं. मूळ मालक आला की त्याला पावतीवरची छापील ओळ दाखवली जाते : ‘३० दिवसांत माल न नेल्यास दुकान जबाबदार राहणार नाही.’

हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. अशी प्रकरणं आम्ही दोन्ही बाजूंनी चालवतो, कधी शेतकऱ्याकडून तर कधी दुकानदाराकडून. दुकानदार हरतो तेव्हा त्याची नियत खोटी होती म्हणून हरतो असं फार थोड्या वेळा घडतं. आपल्याला जो हक्क आहे असं तो धरून चालतो, तो कायद्याने त्याला दिलेलाच नसतो.

आधी तुमचा हक्क कुठपर्यंत आहे ते पाहू, कारण तो आहे आणि चांगला भक्कम आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार, दुरुस्तीला आलेल्या वस्तूवर कष्ट किंवा कौशल्य लावून ठरलेलं काम पूर्ण केलं असेल, तर त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. ‘मजुरी द्या आणि मोटर न्या’ हे म्हणणं पूर्ण कायदेशीर आहे. इतकं, की मजुरी बुडवण्यासाठी मालकाने स्वतःचीच मोटर दुकानातून गुपचूप उचलून नेली तर ती चोरी ठरू शकते. चोरीच्या व्याख्येखाली दंड संहितेत पूर्वी घड्याळ दुरुस्तीचं हेच उदाहरण होतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही ते कायम आहे.

पण या हक्काला तीन कुंपणं आहेत आणि बहुतेक भांडणं या कुंपणांवरच होतात. पहिलं म्हणजे हा हक्क त्याच वस्तूवर, त्याच कामाच्या पैशांपुरता आहे. गेल्या वर्षीच्या स्टार्टरची किंवा भावाच्या मोटरीची उधारी बाकी आहे म्हणून आजची मोटर अडवता येत नाही. सगळ्या जुन्या हिशेबासाठी माल अडवण्याचा हक्क कलम १७१ मध्ये बँका, अडते, धक्क्यावरचे वखारवाले, हायकोर्टातले वकील आणि विमा दलाल एवढ्यांनाच दिला आहे. इतरांना तो हवा असेल तर तसं स्पष्ट ठरलेलं असावं लागतं. आजची मजुरी गिऱ्हाईक रोख मोजत असताना जुन्या वहीसाठी मोटर दिली नाही, तर त्या क्षणापासून तिचा ताबा बेकायदा होतो.

दुसरं कुंपण उधारीचं. ‘ऊस गेला की पैसे द्या’ असं एकदा कबूल केलं की मजुरीसाठी मोटर अडवण्याचा हक्कही गेला. कलम १७० खालीच शिंप्याचं उदाहरण आहे : कोट शिवून होताच देईन आणि पैशांसाठी ३ महिने थांबेन असं त्याने कबूल केलं असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. गावात तोंडी उधारी सहज दिली जाते आणि मग मन बदलतं. कोर्टात गिऱ्हाइकाचे दोन साक्षीदार ‘दिवाळीला द्या म्हणाले होते’ असं सांगतात आणि तुमच्याकडे त्याविरुद्ध कागदाचा कपटाही नसतो.

तिसरं कुंपण सर्वांत महत्त्वाचं : अडवून ठेवण्याचा हक्क म्हणजे विकण्याचा हक्क नव्हे. हा गोंधळ कुठून येतो ते आम्हाला कळतं. सोनं गहाण ठेवून घेणारा सावकार किंवा बँक कर्ज थकल्यावर नोटीस देऊन सोनं विकते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तो अधिकार कलम १७६ चा आहे आणि तो फक्त गहाणाला लागू होतो. शेतकऱ्याने मोटर तुमच्याकडे कर्जाचं तारण म्हणून ठेवलेली नसते, काम करून घ्यायला दिलेली असते. तिथे कायदा तुम्हाला थांबण्याचा अधिकार देतो, ग्राहक शोधण्याचा देत नाही. इंग्लंडमध्ये १९७७ च्या एका कायद्यात न नेलेला माल ठरावीक पद्धतीने विकण्याची मुभा दुरुस्तीवाल्यांना दिलेली आहे. पैसे येणं असतील तर त्यासाठी किमान ३ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आपल्या करार अधिनियमात अशी तरतूद नाही. ती असावी असं आमचं मत आहे आणि तुमच्या संघटनांनी ती मागावी, पण आज ती नाही हे धरूनच चालावं लागेल.

आता पावतीवरची ती ओळ. ‘जबाबदार राहणार नाही’ या शब्दांचा जास्तीत जास्त अर्थ लावला तरी तो एवढाच निघतो की मुदतीनंतर मोटर चोरीला गेली किंवा खराब झाली तर आमच्याकडे बोट दाखवू नका. तेवढंही कोर्ट मान्य करेलच असं नाही. पण ‘आम्ही ती विकू आणि तुमची त्याला संमती आहे’ हे त्या ओळीत कुठेच नाही. पाठीमागे बारीक अक्षरात छापलेल्या आणि गिऱ्हाइकाची सही नसलेल्या ओळीतून विक्रीची परवानगी काढून दाखवणं हे चांगल्या वकिलालाही जमत नाही.

परक्याच्या मालाची अशी परस्पर विल्हेवाट लावली, की वकिली भाषेत त्याला कन्व्हर्जन म्हणतात. त्यासाठी बेइमानी सिद्ध करावी लागत नाही. माल मालकाचा होता, त्याचा त्यावर ताब्याचा हक्क होता आणि तुम्ही त्या हक्काच्या उलट वागलात, एवढं पुरतं. विकणं हा त्याचा उघड प्रकार झाला. या गिऱ्हाइकाच्या मोटरीचा रोटर काढून दुसऱ्याच्या मोटरीत बसवणं, पावती न बघता ‘मी त्यांचा मेहुणा’ म्हणणाऱ्याच्या हाती मोटर देणं, मजुरी मोजल्यावरही मोटर द्यायला नकार देणं, हेही त्यातच येतं. आणि ज्याने ती विकत घेतली तोही सुटत नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ प्रमाणे, ज्याला विकायचा हक्क नाही त्याच्याकडून घेणाऱ्याला साधारणपणे मालकी मिळत नाही. त्यामुळे मूळ मालक तुमच्यावर आणि त्या भंगारवाल्यावर, दोघांवरही दावा लावू शकतो.

पैशांचा हिशेब कसा होतो तो एका उदाहरणाने सांगतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. एका शेतकऱ्याने मे महिन्यात ५ एचपीची जळालेली पाणबुडी मोटर आणली. भरणावळ आणि बेअरिंग मिळून ६,५०० रुपये ठरले, त्यातले १,५०० त्याने आगाऊ दिले. मोटर जूनमध्ये तयार झाली. तो आला नाही. सप्टेंबरमध्ये दुकानदाराने ती शेजारच्या गावातल्या एकाला ९,००० रुपयांना दिली. नोव्हेंबरमध्ये मालक ५,००० रुपये घेऊन हजर.

दुकानदाराचा हिशेब असा : ९,००० आले, माझे ५,००० वजा, हे घ्या तुमचे ४,०००. तो खरोखर प्रामाणिकपणे असं म्हणतो आणि गिऱ्हाईक भडकल्याचं त्याला नवल वाटतं. कायद्याचा हिशेब वेगळा आहे. तुम्हाला किती मिळाले हा मुद्दाच नाही. सप्टेंबरमध्ये तशीच भरलेली, चालू स्थितीतली जुनी मोटर बाजारात कितीला मिळाली असती, हा मुद्दा आहे. समजा ती २०,००० रुपयांना मिळते. मग मालकाचं नुकसान २०,००० आणि त्यातून तुमची राहिलेली मजुरी ५,००० वजा करून १५,००० रुपये, वर व्याज. ही वजावटही आपोआप होत नाही, जबाबात ती नीट मागावी लागते. विक्री केली तेव्हा मोटर अडवण्याचा हक्क संपला. मजुरी हे फक्त साधं येणं उरलं.

नवी मोटर ३८,००० ची आहे म्हणून मालकाला ३८,००० मिळत नाहीत. त्याची मोटर जुनी होती. उलट बाजूने, ‘जळालेल्या मोटरीला काय किंमत, भंगारच ती’ असंही दुकानदाराला म्हणता येत नाही, कारण विकली तेव्हा ती भरलेली होती आणि भरण्याचे पैसे तो वेगळे वजा करून घेतोच आहे. मोटर न भरताच विकली असेल तर मात्र जळालेल्या स्थितीतली किंमत धरावी लागेल आणि आगाऊ घेतलेले १,५०० परत जातील. नोव्हेंबरमध्ये मालकाला पंप भाड्याने आणावा लागला तर ते वाजवी भाडं मागता येतं. वाळलेल्या गव्हाची भरपाई मिळणं मात्र कठीण असतं. दुसरी मोटर का लावली नाही, असा प्रश्न कोर्ट विचारतंच.

या उदाहरणात २०,००० हा आकडा आम्ही सहज लिहून टाकला. प्रत्यक्षात सगळी लढाई त्यावरच होते. मालक म्हणतो नामांकित कंपनीची, दोन वर्षं वापरलेली मोटर होती. दुकानदार म्हणतो लोकल मेकची, तीनदा भरलेली होती. पावतीवर फक्त ‘मोटर १ नग’ एवढंच असतं. इथे दुकानदाराला वाटतं की कागद नाही म्हणजे गिऱ्हाइकाला काही सिद्ध करता येणार नाही. होतं उलटं. १७२२ सालचा लंडनचा एक खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. धुराडी साफ करणाऱ्या एका पोराला खड्याचा दागिना सापडला. किंमत करायला म्हणून त्याने तो सोनाराकडे नेला, तर सोनाराच्या हाताखालच्या माणसाने खडे काढून ठेवले आणि नुसती कोंदणं परत केली. सोनार खडे हजर करीना. न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं की तो ते दाखवत नसेल, तर त्या कोंदणात बसणारे उत्तमातले उत्तम खडे होते असं धरून किंमत लावा. वस्तू ज्याने नाहीशी केली त्याला ती नेमकी कशी होती हे कळत नसल्याचा फायदा देऊ नये, हे त्यामागचं तत्त्व. तेव्हा मोटरीचा मेक, एचपी, स्टेज, सिरियल नंबर आणि आणली तेव्हाची अवस्था पावतीवर लिहिणं हे गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी आहे असं समजू नका. ते तुमचं चिलखत आहे.

मोटर अजून शेजारच्या गावात चालू असेल तर मालक पैशांऐवजी ती मोटरच मागू शकतो. जंगम वस्तू परत देण्याचा हुकूमनामा करताना, वस्तू मिळाली नाही तर किती रक्कम द्यायची हेही कोर्टाला लिहावं लागतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २०, नियम १० तसं सांगतो.

मुदतीबद्दलही एक गैरसमज आहे. ‘तीन वर्षं झाली, आता काही होत नाही’ असं म्हणताना दुकानदार मोटर आणली त्या दिवसापासून मोजतो. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ७० नुसार, ठेवायला दिलेली जंगम वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याची ३ वर्षं मालकाने मागणी केल्यावर नकार मिळाल्यापासून सुरू होतात. पाच वर्षं पडलेल्या मोटरीवरही दावा जिवंत असू शकतो, कारण कुणी मागितलीच नव्हती. तुमची मजुरी मात्र काम झाल्यापासून ३ वर्षांत मागावी लागते. म्हणजे गप्प बसण्याचा तोटा तुम्हालाच होतो.

ग्राहक आयोगाचा रस्ता गिऱ्हाइकाला अधिक सोपा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तो स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. पोटापाण्यासाठी स्वतः शेती करणारा शेतकरी ग्राहकच ठरतो. फौजदारीचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताची तक्रार होऊ शकते, पण तिथे अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. विक्री वहीत लिहिलेली, मजुरी वळती करून उरलेली रक्कम मालकाच्या नावे वेगळी ठेवलेली, आधी नोटीस दिलेली, असं असेल तर गुन्हा टिकणं अवघड. दिवाणी भरपाई मात्र तरीही द्यावी लागते. विक्री झाल्याचंच नाकारणं, ‘मोटर आणलीच नव्हती’ म्हणणं, हे मात्र प्रकरण पोलिस ठाण्यात नेणारं पाऊल आहे. मग तडजोडीला जागा राहत नाही.

मग पडून राहिलेल्या मोटरींचं करायचं काय? सुरुवात पावतीपासून करा. तुमच्या संघटनेने एकच नमुना छापून सगळ्या सभासदांना द्यावा. त्यात मोटरीचा तपशील, ठरलेली रक्कम, आगाऊ रक्कम, मालकाचा पत्ता व मोबाइल असावा आणि पुढच्या बाजूला, ठळक अक्षरात, स्वतंत्र सहीसह हा मजकूर असावा :

‘काम पूर्ण झाल्याचा निरोप मिळाल्यापासून ९० दिवसांत मी मजुरी देऊन मोटर न नेल्यास दुकानाने मला लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांतही मी न आल्यास दुकानाने मोटर वाजवी बाजारभावाने विकावी, येणे मजुरी वळती करून उरलेली रक्कम मला द्यावी. याला माझी संमती आहे.’

९० आणि ३० हे दिवस कायद्याने ठरवलेले नाहीत. पावसाळ्याचा हंगाम मध्ये येतो हे लक्षात घेऊन आम्ही सुचवलेले आहेत. तीस दिवसांत सरळ विक्री अशी अट घातली तर ती एकतर्फी म्हणून रद्द होण्याची भीती आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला मजकूर वाचून दाखवा आणि वाचून दाखवणाऱ्याची सही घ्या. मोटर आत घेताना नेमप्लेटचा फोटो काढा. नेमप्लेट नसेल तर मोटरीच्या अंगावर पंचने नंबर मारून तोच पावतीवर लिहा. दोरीला बांधलेला पुठ्ठ्याचा टॅग ऑगस्टपर्यंत उंदीर खातात.

काम झाल्यावर रक्कम लिहून मेसेज पाठवा आणि तो पुसू नका. मुदत संपल्यावर नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोच घ्या. नोटिशीत मोटरीचा तपशील, नेमकी रक्कम आणि विक्रीची तारीख लिहा. जुनी उधारी त्या आकड्यात मिसळू नका. सगळ्यात जास्त नोटिसा इथेच फसतात, कारण हक्कापेक्षा जास्त रक्कम मागून मोटर अडवली असा त्याचा अर्थ लावला जातो. जागेचं भाडंही पावतीवर ठरलेलं नसेल तर लावू नका. मजुरीसाठी माल तुम्ही तुमच्या सोयीने अडवून धरलेला असतो, त्याचं भाडं गिऱ्हाइकाकडून निघत नाही. विकताना दोन ठिकाणचे भाव लेखी घ्या, चालू मोटरीचा व्हिडिओ काढा आणि स्वतःला किंवा घरच्याला विकू नका. उरलेली रक्कम लगेच मनीऑर्डरने किंवा खात्यावर पाठवा.

सही केलेली संमती नसलेल्या जुन्या मोटरींसाठी रस्ता लांबचा आहे. आधी नोटीस. मग तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज करा. त्याला कोर्ट फी नाही, समोरच्याला बोलावणं जातं आणि पाच-सहा हजारांच्या वादात बहुतेक जण तिथेच पैसे भरून मोटर नेतात किंवा ‘विका आणि हिशेब मिटवा’ असं लिहून देतात. हे लिहून घेतलेलं तुमच्या छापील ओळीपेक्षा कितीतरी मोलाचं. तिथे कुणी आलंच नाही तर मजुरीचा दावा लावून, हुकूमनामा घेऊन, कोर्टामार्फत ती मोटर जप्त करून विकण्याची मागणी करता येते. एका मोटरीसाठी हे परवडत नाही हे आम्हाला मान्य आहे. म्हणूनच संघटनेने वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, सगळ्या दुकानांची यादी एकत्र करून लोकअदालतीपुढे ठेवावी असं आम्ही सुचवतो.

मालक वारला असेल तर अंत्यविधीला भेटलेल्या पहिल्या मुलाला मोटर देऊन मोकळे होऊ नका. सगळ्या वारसांची सही असलेलं संमतीपत्र घ्या, नाहीतर दुसरा भाऊ तुमच्याकडे किंमत मागत येईल.

वर सांगितलेला रस्ता पूर्ण होईपर्यंत दुकानात पडलेली एकही मोटर विकू नये आणि एकीचेही सुटे भाग काढू नयेत, असं परिपत्रक सभासदांना या आठवड्यातच काढावं ही विनंती. आधीच विकलेल्या मोटरीचा मालक दारात आला, तर विक्री नाकारू नका. किती आले ते सांगा, बाजारभावाचा फरक बसून ठरवा, रक्कम खात्यावर द्या आणि पूर्ण व अंतिम पावती लिहून घ्या.

कळावे,
आपले,
ग्राहक आणि दुकानदार या दोन्ही बाजूंनी अशी प्रकरणे चालवणारे काही वकील